दोन वर्तुळांचा मूलाक्ष

एका प्रतलातल्या दोन वर्तुळांची केंद्रे वेगवेगळी असली, की त्या जोडीसाठी एक विशिष्ट सरळ रेषा ठरलेली असते. त्या रेषेवर वर्तुळांच्या बाहेर कुठेही बिंदू घ्यावा आणि तिथून दोन्ही वर्तुळांना स्पर्शिका काढाव्यात. बिंदूपासून स्पर्शबिंदूपर्यंतची लांबी दोन्हीकडे सारखीच भरते. या रेषेला मूलाक्ष किंवा रॅडिकल अॅक्सिस म्हणतात. हे नाव फ्रेंच गणिती लुई गोल्तिए यांनी १८१३ साली वापरले.

रेषा कुठे असते हे पाहण्यासाठी ७ सेंमी आणि १ सेंमी त्रिज्येची दोन वर्तुळे घेऊ. त्यांच्या केंद्रांमधले अंतर १२ सेंमी आहे. केंद्रे जोडणाऱ्या रेषेवर मोठे वर्तुळ ७ सेंमीवर संपते, लहान वर्तुळ ११ सेंमीवर सुरू होते आणि मध्ये ४ सेंमीची मोकळी जागा उरते. समान स्पर्शिकांची रेषा या जागेच्या बरोबर मधून, म्हणजे ९ सेंमीवरून, जात असेल असे पहिल्या नजरेला वाटते.

हा अंदाज पायथागोरसच्या प्रमेयाने तपासता येतो. स्पर्शबिंदूतून काढलेली त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. त्यामुळे केंद्र, स्पर्शबिंदू आणि बाहेरचा बिंदू यांचा काटकोन त्रिकोण होतो आणि केंद्रापासून बिंदूपर्यंतचे अंतर हा त्याचा कर्ण असतो. म्हणून स्पर्शिकेच्या लांबीचा वर्ग काढायचा, तर केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गातून त्रिज्येचा वर्ग वजा करायचा. ९ सेंमीवरच्या बिंदूसाठी मोठ्या वर्तुळाकडे ८१ उणे ४९, म्हणजे ३२ येतात. लहान वर्तुळाचे केंद्र तिथून ३ सेंमीवर आहे, म्हणून तिकडे ९ उणे १, म्हणजे ८ येतात. मोठ्या वर्तुळाची स्पर्शिका लहान वर्तुळाच्या स्पर्शिकेच्या दुप्पट निघते आणि अंदाज चुकतो.

आता ८ सेंमीवरचा बिंदू घेऊ. मोठ्याकडे ६४ उणे ४९, म्हणजे १५. लहानाकडचे अंतर ४ सेंमी, म्हणून १६ उणे १, म्हणजे पुन्हा १५. दोन्ही स्पर्शिका सारख्या झाल्या. मोठ्या वर्तुळाकडे सरकल्यावर त्याची स्पर्शिका आखूड होत जाते आणि लहान वर्तुळाची लांबत जाते. बरोबरी साधते तो बिंदू इथे मध्यापासून मोठ्या वर्तुळाच्या बाजूला येतो.

हा झाला एक बिंदू. त्यातून केंद्रे जोडणाऱ्या रेषेला लंब काढला, तर बरोबरी त्या सगळ्या लंबावर टिकते. लंबावरून ७ सेंमी वर गेल्यास दोन्ही केंद्रांपासूनच्या अंतरांच्या वर्गांत ४९ ची भर पडते. त्रिज्या तर बदलत नाहीत. त्यामुळे दोन्हीकडे १५ अधिक ४९, म्हणजे ६४ होतात आणि दोन्ही स्पर्शिका नेमक्या ८ सेंमीच्या निघतात. कितीही वर किंवा खाली गेले, तरी भर दोन्हीकडे सारखीच पडते. लंबापासून डावीउजवीकडे हलले, की दोन वर्गांमधला फरक शून्य राहत नाही. म्हणूनच समान स्पर्शिका देणारे सगळे बिंदू या एकाच रेषेवर असतात.

आकडेमोड न करता ही रेषा कंपास आणि पट्टीनेही काढता येते. दोन्ही वर्तुळांना छेदणारे तिसरे वर्तुळ काढावे. त्याचे केंद्र मात्र पहिल्या दोन केंद्रांच्या रेषेवर नसावे. तिसऱ्या वर्तुळाची पहिल्याशी होणारी सामाईक जीवा आणि दुसऱ्याशी होणारी सामाईक जीवा वाढवल्या, की त्या एका बिंदूत मिळतात. तो पहिल्या जीवेच्या रेषेवर असल्याने तिथून पहिल्या आणि तिसऱ्या वर्तुळाच्या स्पर्शिका सारख्या असतात. दुसऱ्या जीवेमुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्तुळाच्याही सारख्या असतात. साहजिकच पहिल्या आणि दुसऱ्या वर्तुळाच्या स्पर्शिकाही सारख्या ठरतात. त्या बिंदूतून केंद्रे जोडणाऱ्या रेषेवर टाकलेला लंब हाच मूलाक्ष.

मूळ दोन वर्तुळे एकमेकांना छेदत असतील, तर एवढी खटपट लागत नाही. छेदनबिंदूंवर दोन्ही स्पर्शिकांची लांबी शून्य असते, म्हणून ते बिंदू जोडणारी रेषाच मूलाक्ष होते. मात्र तिचा दोन छेदनबिंदूंमधला भाग वर्तुळांच्या आत असल्याने तिथून स्पर्शिका काढताच येत नाही. तिथे दोन्ही वजाबाक्या ऋण येतात, पण समान येतात. वर्तुळे बाहेरून किंवा आतून एकमेकांना स्पर्श करत असतील, तर स्पर्शबिंदूतली सामाईक स्पर्शिका हाच मूलाक्ष असतो.

वेगवेगळ्या त्रिज्यांच्या एककेंद्री वर्तुळांना मात्र मूलाक्ष नसतो. प्रत्येक बिंदूपासून केंद्राचे अंतर दोन्हींसाठी एकच असते आणि त्यातून वजा होणारे त्रिज्यांचे वर्ग वेगळे असतात. त्यामुळे समान स्पर्शिका देणारा एकही बिंदू सापडत नाही.