फोटो गेला, साप आठवतोय : मण्यार की कवड्या?

घराजवळ साप दिसला, कुणीतरी घाईत फोटो काढला आणि तो फोटो गेला. एकदाच उघडणारा म्हणून पाठवला होता, किंवा भीतीनं हात थरथरून डिलीट झाला. सापांवर पीएचडी करत असल्यामुळे मला पावसाळ्यात असे फोन बरेच येतात. 'फोटो नाहीये गं, पण सांगते कसा होता ते' अशी सुरुवात असते. या लेखात ते 'सांगणं' कसं करायचं, आणि त्यातून किती कळतं, किती नाही, ते लिहितेय. सगळ्या सापांबद्दल लिहीत बसले तर पुस्तक होईल, म्हणून एकच जोडी घेते. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ या जोडीतच होतो. मण्यार (कोकणात कांडर) अतिविषारी, कवड्या बिनविषारी. दोघंही रात्रीचे, दोघंही घराच्या आसपास, दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे.

ओळखीच्या आधी एक गोष्ट. फोटो गेला म्हणून दुसरा काढायला परत जाऊ नका. विटा हलवून बघू नका, काठीनं डिवचू नका. ट्रॅश फोल्डरमध्ये एकदा बघा, तिथे नसेल तर नाद सोडा. साप अजून समोर असेल तर दोन-तीन मीटर लांब थांबा आणि एकानं फक्त तो कुठे जातो यावर नजर ठेवा. मुलं, कुत्रा, मांजर आत घ्या. घराच्या दाराखाली फट असेल तर जुनं टॉवेल कोंबा. मग जवळच्या सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. वर्णन वगैरे त्यानंतर.

आता एक प्रसंग. मैत्रिणीच्या आईचा, म्हणजे काकूंचा, रात्री दहाला फोन आला. सातारा जिल्ह्यातलं गाव, समोर ओटा, ओट्याच्या कडेला बांधकामातून उरलेल्या विटांचा ढीग. त्यांच्या मुलानं फोटो काढून व्हॉट्सॲपवर 'व्ह्यू वन्स' करून कुणाला तरी पाठवला होता. कॅमेरा व्हॉट्सॲपमधलाच, त्यामुळे गॅलरीत काहीच नाही.

मी आधी रंग विचारला नाही. विचारलं, "काकू, आत्ता साप कुठंय, आणि घरात कोण कुठे झोपलंय?" साप विटांच्या ढिगात शिरला होता. आजी आणि दोन नातवंडं पडवीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपली होती.

हा प्रश्न पहिला असण्यामागे कारण आहे. मण्यार रात्री जमिनीवर फिरते, आणि तिचे बरेच दंश झोपलेल्या माणसांना होतात. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही, कधी खूणही दिसत नाही, त्यामुळे माणूस डास चावला समजून परत झोपतो. काही तासांनी पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं आणि गिळणं अवघड होतं, आणि पुढे श्वासाचे स्नायूच काम करेनासे होतात. नेपाळच्या आग्नेय भागातल्या सर्पदंशांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मच्छरदाणीत झोपणं हे दंशापासून संरक्षण देणारं ठरलं. म्हणून त्या रात्री ओळख पटायच्या आधीच आजी आणि मुलं आत गेली, खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून. साप कवड्या निघाला असता तरी यात कुणाचं काही बिघडलं नसतं.

मग वर्णन. इथे विचारणाऱ्याला थोडा संयम लागतो. 'पट्टे होते ना? मानेपासून होते ना?' असं विचारलं की समोरचा माणूस हो म्हणतो, आणि मग त्याला ते तसंच आठवायलाही लागतं. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवून वेग विचारला. प्रश्नात 'धडकल्या' याऐवजी 'आदळून चुराडा झाला' अशा अर्थाचं क्रियापद घातलं की लोक वेग जास्त सांगत. फिल्म तीच, फक्त शब्द बदलला होता. सापाचंही तेच होतं. म्हणून पहिला प्रश्न इतकाच : "काय दिसलं ते सांगा, घाई नाही." मधे तोंड घालायचं नाही.

काकू म्हणाल्या, "काळा होता बघ, पांढरे पट्टे, चांगला मोठा. विटांकडून आला, ओट्याच्या कडेकडेनं गेला आणि परत ढिगात. चमकत होता लाइटमध्ये."

मग मी म्हटलं, "आता डोक्यापासून शेपटीपर्यंत सांगा, कुठे काय होतं?" या जोडीत सगळ्यात जास्त माहिती याच प्रश्नातून मिळते. कवड्याचे पट्टे मानेजवळच सुरू होतात, तिथे ते रुंद आणि ठळक असतात, आणि शेपटीकडे जाता जाता विरतात. मण्यारीचं उलटं. पूर्ण वाढलेल्या मण्यारीचा पुढचा भाग बराचसा कोरा काळा असतो, फार तर पाठीच्या मधोमध पांढरे ठिपके, मण्यांसारखे. बारीक पट्टे, बरेचदा जोडीजोडीनं, साधारण पुढचा एक तृतीयांश भाग सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. रंगही मदत करतो. मण्यार निळसर काळी, तुकतुकीत, तर कवड्या बहुतेक वेळा तपकिरी, कॉफीसारखा. पण ट्यूबलाइटखाली आणि भीतीत तपकिरीसुद्धा काळाच दिसतो, म्हणून मी रंगावर फार भिस्त ठेवत नाही.

काकूंचं उत्तर : "मान तर काळीच. पट्टे मागं होते. शेपटीला तर अगदी जवळजवळ."

तेवढ्यात मुलगा मागून ओरडला, "नाही गं, पट्टे मानेपासून होते!" मी त्याला विचारलं की मधे फोनवर काही बघितलंस का. बघितलं होतं. 'काळा साप पांढरे पट्टे' असं शोधून त्यानं दहा-बारा फोटो पाहिले होते. तो खोटं बोलत नव्हता, पण आता त्याच्या डोक्यातला साप नेमका कुठला, ओट्यावरचा की स्क्रीनवरचा, हे त्यालाही सांगता आलं नसतं. म्हणून शोधायच्या आधी, एकमेकांशी चर्चा करायच्याही आधी, ज्यानं ज्यानं पाहिलं त्यानं आपापलं चार ओळींत लिहून किंवा बोलून रेकॉर्ड करून ठेवावं.

लांबीचा आकडा विचारू नये. घाबरलेल्या माणसाला दीड फुटाचा साप सहज चार फूट वाटतो. त्याऐवजी साप ज्या वस्तूच्या बाजूनं गेला ती वस्तू विचारायची आणि नंतर तीच मोजायची. काकूंना आठवत होतं की साप ओट्याच्या कडेनं जवळजवळ सरळ जात असताना डोकं एका खांबापाशी होतं आणि शेपूट पायरीपाशी. त्या दोन्हींच्या मधे एकेक फुटाच्या साडेतीन फरश्या. म्हणजे साधारण एक मीटर. कवड्या सहसा अर्ध्या मीटरच्या आसपास असतो आणि फार वाढला तरी ऐंशी सेंटीमीटरपर्यंत. मण्यार एक मीटर आरामात होते, कधी त्याहून बरीच मोठी. लांबी इथे मण्यारीच्या बाजूनं बोलत होती. मात्र उलटा तर्क चालत नाही. साप छोटा होता म्हणून तो कवड्याच, असं म्हणता येत नाही, कारण मण्यारीची पिल्लंही छोटीच असतात, आणि पिल्लांमध्ये पट्टे पुढच्या भागातही स्पष्ट दिसतात. म्हणजे पट्ट्यांची खूण नेमकी तिथेच दगा देते. काही म्हाताऱ्या मण्यारींचे पट्टे इतके फिके होतात की नुसता काळा साप दिसतो.

राहिलं वागणं. कवड्या भिंतीवर सहज चढतो, पालींच्या मागे खिडकीत, छपरात सापडतो. मण्यार बहुतेक जमिनीलगत असते. दिवसा सापडली तर सुस्त, वेटोळ्यात डोकं खुपसून बसलेली. लोकांना ती गरीब वाटते आणि ते उचलायला जातात. तीच रात्री चपळ असते. काकूंचा साप जमिनीवरूनच गेला, पण ही फार हलकी खूण आहे. जमिनीवरून कवड्याही जातोच की.

डोक्यावरचे, शेपटीखालचे खवले वगैरे जे पुस्तकांत दिलेलं असतं, ते जिवंत सापाच्या बाबतीत विसरा. ते बघायला जितकं जवळ जावं लागतं, तितकं जायचं नाहीये.

सर्पमित्रासाठी शेवटी काकूंनी पाठवलेला मेसेज असा होता : "रात्री पावणेदहा. ओट्याजवळच्या विटांच्या ढिगात गेला, बाहेर येताना दिसला नाही. साडेतीन फरश्या लांब. काळा, चकचकीत. मान कोरी, पट्टे मागच्या भागात, शेपटीकडे दाट. मुलाच्या मते पट्टे मानेपासून, पण त्यानं नंतर फोटो पाहिलेत. कुणाला चावलेला नाही." मुलाचं वेगळं मत आम्ही गाळलं नाही. दोन वर्णनं जुळत नसतील तर तीही माहितीच आहे.

माझा अंदाज मण्यार असा होता. पण तो कवड्या असता, तरी त्या रात्रीचा सल्ला मी बदलला नसता. कवड्याला मण्यार समजलं तर एक रात्र खाटेवर जाते. मण्यारीला कवड्या समजून कुणी हातात धरलं तर जीव जाऊ शकतो. वर्णनावरून 'बिनविषारी आहे, सोडा' असं मी फोनवर कधीच सांगत नाही. आणि चावल्याचा नुसता संशय असला, तरी ओळखीत वेळ घालवायचा नाही. हात-पाय हलवू द्यायचा नाही, घट्ट बांधायचं नाही, चिरायचं नाही, १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठायचा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असतं आणि डॉक्टर लक्षणं बघून देतात, त्यामुळे साप मारून पिशवीत नेण्याचा काही उपयोग नाही.

सर्पमित्र सकाळी आले आणि लांब आकड्यानं एकेक वीट ओढत ढीग मोकळा केला. साप नव्हता. तळाशी कात मिळाली, शेपटीकडचा हातभर तुकडा. तिचा फोटो मात्र त्यांनी नीट काढून पाठवला. पाठीच्या मधोमध षटकोनी खवल्यांची एक ओळ, बाजूच्या खवल्यांपेक्षा ठळक मोठी, आणि शेपटीखालचे खवले अख्खे, दोन भागांत न विभागलेले. कवड्याच्या पाठीवरचे खवले सगळे सारख्याच आकाराचे असतात आणि शेपटीखालचे जोडीनं. म्हणजे त्या ढिगात मण्यार राहून गेली होती. काकूंनी त्या रात्री पाहिली ती हीच का, हे कातीवरून सांगता येत नाही. विटा त्याच दिवशी घरापासून लांब, बांधावर नेऊन टाकल्या. आजी अजून खाटेवरच झोपतात.