आरशाची थाप आणि पाव सेकंद

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात खरोसा येथे जांभा दगडात कोरलेली लेणी आहेत. जांभा हा छिद्राछिद्रांचा, लवकर झिजणारा दगड. त्यातील शिल्पांच्या कडा आज कुठे शाबूत आहेत आणि कुठे पुसल्या गेल्या आहेत, याची नोंद ठेवायची तर छायाचित्र रेखीव हवे. कारण चित्रात झिजलेली कड आणि कॅमेरा हलल्यामुळे पुसट झालेली कड या दोन्ही सारख्याच दिसतात. पुढे चित्र पाहणाऱ्याला त्यातला फरक कसा कळावा?

लेण्यात फ्लॅश वापरला तर समोरून पडणाऱ्या उजेडाने कोरीवकाम सपाट दिसते. उठाव दिसतो तो दारातून येणाऱ्या तिरप्या उजेडात, पण हा उजेड मंद असतो. समजा, १०० आयएसओ संवेदनशीलता आणि एफ/८ छिद्र ठेवल्यावर प्रकाशमापक पाव सेकंद दाखवतो. २०० मिलिमीटरचे भिंग हातात धरून पाव सेकंद स्थिर राहणे कुणालाच शक्य नाही, म्हणून ट्रायपॉड आलाच. तरीही चित्र किंचित पुसट येते आणि दोष बिचाऱ्या भिंगावर जातो!

खरे कारण कॅमेऱ्याच्या पोटात असते. एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे एक आरसा तिरपा बसवलेला असतो आणि त्याच्यामुळेच आपल्याला भिंगातून आलेली प्रतिमा डोळ्याने पाहता येते. बटण दाबताच तो झटक्याने वर उडतो, वरच्या पट्टीवर आपटतो आणि लगेच शटर उघडते. आपल्याला ‘खटॅक’ असा आवाज येतो, त्यातला बराचसा या आरशाचाच. ट्रायपॉड आणि त्यावरचा कॅमेरा ही मिळून एक लवचीक वस्तू आहे. फूटपट्टीचे एक टोक टेबलावर दाबून दुसरे टोक छेडले की ती थरथरते आणि हळूहळू शांत होते. ट्रायपॉडचेही तसेच. पाय सडपातळ आणि भिंग लांब असेल तर ही थरथर सेकंदाचा काही भाग टिकते.

थरथर किती पुरते? २०० मिलिमीटरचे भिंग एका रेडियनच्या दशहजारांशाने कलले असे धरू. चुकू नये म्हणून सोपे करून सांगतो, वीस सेंटिमीटर लांबीच्या भिंगाचे टोक ०.०२ मिलिमीटरने खाली-वर झाले. केसाच्या जाडीपेक्षाही हे बरेच कमी. पण कॅमेऱ्याच्या आतील प्रतिमाही तेवढीच, ०.०२ मिलिमीटरने सरकते. चित्र दहापट मोठे केले की हे सरकणे ०.२ मिलिमीटर होते आणि हातात धरलेल्या छायाचित्रात ते डोळ्याला जाणवते.

आता मुख्य मुद्दा. शटर जितका जास्त वेळ उघडे, तितका थरथरीचा त्रास जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. तो आरशाच्या बाबतीत खरा नाही. थरथर पाव सेकंद टिकते असे समजू. शटर १/५०० सेकंद उघडे असेल तर तेवढ्यात कॅमेरा फारसा हलतच नाही. पाव सेकंद उघडे असेल तर सगळेच्या सगळे चित्र थरथरीत घेतले जाते. आणि वीस सेकंद उघडे असेल तर थरथरीच्या काळात आलेला उजेड एकूण उजेडाच्या जेमतेम ऐंशीवा भाग असतो. उरलेल्या स्थिर चित्राखाली तो झाकला जातो. म्हणजे सर्वांत वाईट पट्टा मधलाच, साधारण १/३० सेकंदापासून एक सेकंदापर्यंतचा. लेण्यातले काम नेमके याच पट्ट्यात येते.

उपाय तीन आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे. ट्रायपॉड आपल्या हाताचे कंप काढतो. त्याचा मधला दांडा वर न काढता पायच लांब करावेत, आणि तेही शेवटचा बारीक भाग सोडून. केबल रिलीज किंवा बिनतारी रिमोट बोटाचा धक्का काढतो. केबल ताणलेली ठेवू नये, सैल सोडावी; नाहीतर बोटाचा धक्का तिच्यातून कॅमेऱ्याकडे जातोच. आरशाची थाप मात्र या दोहोंनी जात नाही. तिच्यासाठी आरसा आधीच उचलून धरण्याची सोय लागते, तिलाच मिरर लॉक-अप म्हणतात. पहिल्या दाबाला आरसा वर जातो, आपण दोन-तीन सेकंद थांबतो, थरथर विरते आणि दुसऱ्या दाबाला फक्त शटर उघडते. हे दोन्ही दाब रिमोटनेच द्यायचे. बोटाने दिले तर सगळी मेहनत वाया.

काही डिजिटल कॅमेऱ्यांत ही सोय `Mup` किंवा `Mirror lockup` या नावाने असते. आरसा वर गेल्यावर दर्शकातून काही दिसत नाही, म्हणून चौकट आणि फोकस आधीच पक्के करावे लागतात. निकॉन एफएम२ या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात सेल्फ-टायमर लावला की आरसा सुरुवातीलाच वर जातो, त्यामुळे तोच उपयोग होतो. मिररलेस कॅमेऱ्यांत आरसाच नसतो, पण शटरच्या पडद्याचा लहानसा झटका तिथेही असतो.

सोय नसलेल्या कॅमेऱ्यावर आणखी एक युक्ती चालते. उजेड तोच असताना छिद्र एफ/८ वरून एफ/१६ केले की वेळ पाव सेकंदावरून एक सेकंद होतो. थरथरीचा वाटा पूर्ण चित्रावरून पाव चित्रावर येतो.

दोष कशाचा हे ओळखायचे तर चित्रातला एखादा चमकदार ठिपका पाहावा. फोकस चुकला असेल तर ठिपका गोल पसरतो. कॅमेरा हलला असेल तर त्याची बारीक रेघ होते, आणि चित्रातल्या सगळ्या ठिपक्यांच्या रेघा एकाच दिशेला असतात. आरसा वर-खाली हलतो, त्यामुळे कॅमेरा आडवा असताना ही रेघ बहुधा उभी येते.

वर्गात ही थाप प्रत्यक्ष दाखवता येते. कॅमेऱ्यावर आरशाचा छोटा तुकडा चिकटवावा आणि वेगळ्या टेबलावर ठेवलेल्या लेसर पॉइंटरचा झोत त्यावर पाडून पाच मीटरवरील भिंतीवर वळवावा. झोत कुणाच्या डोळ्यात जाणार नाही हे आधी पाहावे. परावर्तित किरण आरशाच्या दुप्पट कोनातून वळतो, म्हणून वर सांगितलेल्या कलण्याने भिंतीवरचा ठिपका एक मिलिमीटर सरकतो. बटण बोटाने दाबून, मग रिमोटने, मग आरसा आधी उचलून असे तीनदा करावे. ठिपक्याच्या नाचातला फरक मुले न सांगता ओळखतील.

नांदेडला गोवर्धन घाटावरून गोदावरीचे रात्रीचे चित्र घ्यायचे तर वेळ वीस सेकंदांच्या आसपास जातो. वरच्या हिशेबाने आरशाची चिंता नको. पण इथे एक अपवाद आहे. दिवा आजूबाजूच्या अंधारापेक्षा इतका प्रखर असतो की पाव सेकंदातही त्याची खूण उमटते, आणि चित्र रेखीव असूनही दिव्यांना लहान शेपट्या फुटतात. इलाज सोपा आहे. भिंगासमोर काळा पुठ्ठा न टेकवता धरावा, शटर उघडावे, दोन सेकंद थांबून पुठ्ठा अलगद बाजूला करावा आणि वीस सेकंद तिथून मोजावेत. जुन्यात जुन्या कॅमेऱ्यालाही हे जमते. पाव सेकंदाच्या कामाला मात्र पुठ्ठा निरुपयोगी, तेवढ्यात हातच हलत नाही.

घाट सोडून नदीवरच्या पुलावर ट्रायपॉड लावला तर यांपैकी काहीच कामी येत नाही. ट्रक गेला की पूल हलतो आणि पुलाबरोबर ट्रायपॉडही. तिथे दोन वाहनांमधली शांतता पाहून तेवढ्यापुरताच पुठ्ठा काढावा आणि ट्रकचे दिवे दिसताच पुन्हा धरावा. अशा चार-पाच तुकड्यांतून वीस सेकंद भरले तरी चालते, फक्त तेवढा वेळ कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.