पाणी थांबत नाही, म्हणजे वॉल्व्हच गेला?

वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरतच राहिलं की पहिला संशय इनलेट वॉल्व्हवर जातो. ‘वॉल्व्हची कॉइल जळली, म्हणून पाणी बंद होत नाही,’ हे तर सर्रास ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. हा वॉल्व्ह मुळात बंदच असतो. कॉइलला वीज मिळाली की आतली पिन उचलली जाते आणि पाणी वाहू लागतं; वीज थांबली की स्प्रिंग पिनेला खाली ढकलते आणि नळाच्या पाण्याचाच दाब रबरी पडदा घट्ट मिटवतो. म्हणजे कॉइल जळली तर मशीनमध्ये पाणी येणारच नाही. न थांबणाऱ्या पाण्याला वॉल्व्ह जबाबदार असेल, तर पडद्याखाली वाळूचा कण अडकलेला असतो किंवा रबर झिजलेलं असतं. हे ओळखायला सुटे भाग नकोत. पाणी भरत असताना मशीनची वीज तोडा. फरशी ओली असेल तर प्लगला हात न लावता मेन स्विचवरून. तरीही पाणी येत राहिलं तर दोष वॉल्व्हचा. लगेच थांबलं तर वॉल्व्ह निर्दोष आहे, त्याला कोणीतरी ‘चालू राहा’ असं सांगत होतं.

ते सांगणं बहुधा प्रेशर स्विचच्या बाजूने चुकतं. हा स्विच पाण्याला शिवतसुद्धा नाही. टबच्या तळाशी हवेची छोटी कोठी असते, तिथून एक बारीक नळी वर स्विचपर्यंत जाते. पाणी चढलं की कोंडलेली हवा दाबली जाते आणि स्विचला पातळी कळते. तीस सेंटिमीटर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम तीन टक्के, त्यामुळे नळीला केसाएवढी चीर पडली किंवा कोठीचं तोंड साबणाच्या चिकट थराने बुजलं तरी स्विचला टब रिकामाच वाटतो. म्हणून स्विच बदलण्याआधी नळी काढून तपासावी, कोठी धुवावी. मात्र नळी परत बसवताना टब पूर्ण रिकामा हवा. पाणी असतानाच जोडली तर त्या पातळीला स्विच शून्य समजतो आणि पुढचं पाणी त्यावर चढत जातं.

‘पण वॉल्व्ह बदलल्यावर आमचं मशीन नीट चाललं,’ असं कोणी म्हणेल. कधी वॉल्व्ह खरंच खराब असतो. पण दुरुस्तीसाठी मशीन रिकामं केलं, हलवलं, की दुमडलेली नळी सरळ होते आणि श्रेय नव्या भागाला मिळतं. वीज तोडण्याची चाचणी आधी केली असेल तरच त्या श्रेयाला आधार आहे. उलटही घडतं: गच्चीच्या टाकीला अगदी लागून असलेल्या वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब इतका कमी असतो, की धडधाकट वॉल्व्हचाही पडदा नीट मिटत नाही. तिथे नवा वॉल्व्हही ठिबकेल. आणि निचऱ्याची नळी खाली पडलेली असेल तर टब कधीच भरत नाही: पाणी येतं तसं सायफनने निघून जातं, मशीन मात्र भरतच राहतं. तेव्हा वॉल्व्ह आणि स्विच दोन्ही ठीक असतात. ती नळी मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवली की पाणी थांबतं.