वर्गातली हवामान परिषद: निधी आधी कुणाला?

वर्गात हवामान परिषदेचं नाटुकलं बसवताना बेट, वाळवंट आणि त्रिभुज प्रदेश श्रीमंत देशांविरुद्ध एकाच बाजूला उभे केले, की भाषणं होतात, वाटाघाटी होत नाहीत. वाद पेटतो तो पैशांच्या वाटपावर. 2022 साली शर्म अल-शेखला हानी-नुकसान निधी मान्य झाला. तोच विषय घ्यावा.

तुवालू: “आमची बेटं समुद्रापासून जेमतेम काही मीटर उंच. आम्ही सरकायचं कुठे?”

बांगलादेश: “वादळानंतर शेतात खारं पाणी शिरतं, भात पिकत नाही. आमची माणसं कोट्यवधी आहेत.”

नायजर: “तुमचं वादळ एका रात्रीत दिसतं. आमचा दुष्काळ वर्षानुवर्षं सरकतो. अर्जात तारीख कोणती लिहू?”

नायजरचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, त्याला पुरेसा वेळ द्यावा. अध्यक्षांनी मतदान मात्र घेऊ नये. खऱ्या परिषदेत निर्णय सहमतीने होतो, म्हणून चिमुकला तुवालूही मसुदा अडवू शकतो. मुलं हात मोजू लागली, तर हा नियम निसटला असं समजावं. मग मसुद्यातलं एकेक वाक्य फळ्यावर लिहून कुणाचा आक्षेप आहे, एवढंच विचारावं.