एका सेंटिमीटरचं पाणी

उन्हाळ्याच्या दिवसांत सोसायटीच्या फाटकात टँकर उभा राहतो, जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडला जातो आणि वीस-पंचवीस मिनिटांत टँकर निघूनही जातो. चालकाच्या चिठ्ठीवर ‘१०,००० लिटर’ लिहिलेलं असतं. सचिव सही करतो, पैसे देतो. एवढं पाणी खरोखर टाकीत पडलं की नाही, हे मात्र बहुतेक ठिकाणी कोणीच तपासत नाही. त्यासाठी ना मीटर लागतो, ना प्लंबर. एक सरळ काठी, एक टेप आणि चौथीच्या पुस्तकातला गुणाकार पुरतो.

नमुन्यादाखल सोळा बिऱ्हाडांची एक इमारत घेऊ. तिची जमिनीखालची टाकी आतून ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.२ मीटर खोल आहे. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. लांबी, रुंदी, खोली यांचा गुणाकार २६.४ येतो, म्हणजे टाकी २६,४०० लिटरची झाली. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो. पण रोजच्या कामाला उपयोगी पडणारा आकडा वेगळाच आहे. टाकीचा तळ १२ चौरस मीटरचा आहे, त्यामुळे पाणी एक सेंटिमीटर चढलं की १२० लिटर वाढतात आणि एक सेंटिमीटर उतरलं की १२० लिटर जातात. तळाच्या चौरस मीटरना दहाने गुणलं की ‘एका सेंटिमीटरचं पाणी’ मिळतं. हा आकडा टाकीच्या झाकणाशेजारी रंगाने लिहून ठेवण्याच्या लायकीचा आहे.

आता टँकरकडे वळू. दहा हजार लिटर पाणी या टाकीत पडलं तर पातळी ८३ सेंटिमीटरनी चढायला हवी. टँकर येण्यापूर्वी काठी बुडवली तेव्हा ३२ सेंटिमीटर पाणी होतं आणि टँकर गेल्यावर १०३ भरलं, असं समजा. फरक ७१ सेंटिमीटरचा. म्हणजे ८,५२० लिटर आले आणि जवळजवळ दीड हजार लिटरचे पैसे उगाच गेले. मात्र चालकाशी वाद घालण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. मधल्या वेळात पंप चालू नव्हता ना? पालिकेचं पाणी त्याच वेळी टाकीत येत नव्हतं ना? आणि टाकीत मधली भिंत असेल तर दोन्ही कप्प्यांतलं पाणी एका पातळीला आलं होतं का? अशा कप्प्यांना जोडणारा पाइप बारीक असला की पातळी स्थिर व्हायला वेळ लागतो. शिवाय टाकी धुता यावी म्हणून तळाला उतार दिलेला असतो. त्यामुळे काठी दर वेळी झाकणाखालच्या एकाच जागी टेकवायची. हे सगळं बाहेर उभं राहूनच करायचं. मोजमापासाठी बंद टाकीत उतरू नये, कारण आतल्या हवेत प्राणवायू कमी असू शकतो आणि त्यातून माणसं दगावली आहेत.

गोल टाकीचं गणितही याच वाटेने जातं, फक्त तळाचं क्षेत्रफळ काढण्याची रीत बदलते. व्यासाचा निम्मा म्हणजे त्रिज्या. तिचा वर्ग ३.१४ ने गुणायचा. इथे सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे त्रिज्येच्या जागी व्यास घालणं. उत्तर दुप्पट नव्हे, चौपट होतं. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीचा व्यास बाहेरून मोजणं अवघड जातं, कारण टेप नेमकी मधून जाते आहे की नाही हे कळत नाही. त्यापेक्षा टाकीभोवती दोरी गुंडाळावी. दोरी ३.४५ मीटर भरली, तर तिचा वर्ग करून १२.५७ ने भागायचं. तळ सुमारे ०.९५ चौरस मीटरचा निघतो, म्हणजे एका सेंटिमीटरला साडेनऊ लिटर. दोरी टाकीच्या फुगीर कड्यांवरून न नेता दोन कड्यांमधल्या खाचेतून न्यावी, नाहीतर आकडा फुगतो. वरचा घुमटाकार भाग हिशेबात धरू नये. तो क्वचितच भरतो.

फुटात मोजणाऱ्यांसाठी एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. पण इंचांशी जपून. पाच फूट सहा इंच म्हणजे ५.६ नव्हे, साडेपाच फूट. बारा इंचांचा फूट दशांशात लिहिताना ही गफलत बांधकामावरच्या जुन्या माणसांकडूनही होते.

टँकरमध्येच डोकावून पाणी मोजता येणार नाही का? येईल, पण तिथे सेंटिमीटरची किंमत एकसारखी नसते. टँकर म्हणजे आडवा झोपलेला नळकांड्यासारखा पिंप. तळाशी आणि माथ्याशी तो अरुंद, पोटाशी रुंद. निम्म्या उंचीपर्यंत पाणी असेल तर टँकर बरोबर निम्मा भरलेला असतो. पाव उंचीपर्यंत असेल तर मात्र पाव नव्हे, पाचव्या हिश्शाहूनही थोडं कमीच पाणी असतं. बरेच टँकर पूर्ण गोल नसून लंबगोल असतात, तरी हे प्रमाण तेच राहतं. माथ्याशी याच्या उलट घडतं. उंचीचा वरचा दहावा भाग रिकामा असला तरी पाणी फक्त पाच टक्क्यांनी कमी असतं. म्हणून वरचं झाकण उघडून पाणी थोडं खाली दिसलं एवढ्यावरून चालकाला चोर ठरवणं अन्यायाचं होईल. खरा निवाडा जमिनीखालच्या चौकोनी टाकीतच होतो.

अशीच आडवी पिंपं एप्रिल २०१६ मध्ये रुळांवरून लातूरला आली. मिरजेहून निघालेली पहिली जलदूत गाडी १२ एप्रिलला पोहोचली. तिला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर, एकूण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, म्हणजे पंचवीस लाख लिटर. आकडा ऐकून छाती भरून येते. पण हे पाणी किती वेळ पुरणार, हा प्रश्न विचारला की चित्र पालटतं. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या वर होती. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी नियोजनात माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्या मापाने सव्वापाच कोटींच्या आसपास लिटर रोज लागले असते, आणि पंचवीस लाख लिटर साधारण सत्तर मिनिटांत संपले असते. माणशी वीस लिटरवर शहर आणलं असतं तर तेच पाणी आठ तास पुरलं असतं. रेल्वेने आणलेलं पाणी अपुरं होतं की मोलाचं, या वादात दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पाणी तेवढंच होतं, भाजक वेगवेगळे होते.

पुन्हा आपल्या इमारतीकडे येऊ. गच्चीवर काँक्रीटची टाकी आहे, बाहेरून ३ मीटर बाय २ मीटर आणि दीड मीटर उंच. कागदावर ती ९,००० लिटरची, आणि सभासदही तोच आकडा सांगतात. पण भिंती १२ सेंटिमीटर जाडीच्या आहेत, तळ आणि वरची स्लॅबही तेवढीच. आतलं माप २.७६ बाय १.७६ आणि उंची १.२६ भरते. म्हणजे ६,१२० लिटर. पाणी स्लॅबला टेकत नाही. ओव्हरफ्लोचा पाइप पंधरा सेंटिमीटर खाली आहे. नळाला जाणारा पाइप तळापासून आठ सेंटिमीटर वर आहे, गाळ खाली बसावा म्हणून. हे तेवीस सेंटिमीटर वजा केले की हाती ५,००० लिटर उरतात. नऊ हजारांचे पाच हजार झाले, आणि यात गळती एका थेंबाचीही नाही.

खालच्या टाकीलाही तोच न्याय. वर २० सेंटिमीटर बॉलकॉकसाठी मोकळे राहतात. तळाशी पंपाचा फूटव्हॉल्व्ह असतो. त्याच्या जाळीवर पाण्याचा पुरेसा थर राहिला नाही तर भोवरा होऊन पंप हवा ओढतो. त्यासाठी खालचे २५ सेंटिमीटर सोडून द्यायचे. २६,४०० लिटरच्या टाकीतून उपसता येतात २१,०००.

दोन्ही टाक्या मिळून २६,००० लिटर. इमारतीत ६४ माणसं राहतात. माणशी १३५ लिटर धरले तर रोजचे ८,६४०, आणि साठा तीन दिवसांचा. वीज गेली आणि पंप बंद पडला, तर मात्र वरच्या पाच हजारांवरच भिस्त. सरासरीने ते चौदा तास पुरतात. पण पाणी सरासरीने वापरलं जात नाही. अंघोळी, धुणं, भांडी सकाळीच उरकतात. सकाळी सहाला वीज गेली तर दुपारीच टाकीचा तळ दिसू शकतो, रात्री दहाला गेली तर सकाळच्या अंघोळींपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही.

पाणीकपातीत पुरवठा पुरता बंद होत नाही, कमी होतो. तेव्हा साठ्याला रोजच्या वापराने भागून चालत नाही, रोजच्या तुटीने भागावं लागतं. पालिकेकडून रोज पाच हजार लिटर येत असतील तर तूट ३,६४० लिटरची. २६,००० भागिले ३,६४० म्हणजे सात दिवस. पहिला टँकर आठव्या दिवशी नव्हे, सहाव्या दिवशी मागवावा, कारण टंचाईत टँकरही वेळेवर येत नाही. बिऱ्हाडांनी वापर शंभर लिटरवर आणला, तर रोजची तूट १,४०० लिटर होते आणि तोच साठा अठरा दिवसांवर जातो. वापर एक चतुर्थांशाने कमी झाला आणि दिवस अडीच पट वाढले. कपातीच्या काळात काटकसर एवढी फळते, ती यामुळे.

अर्थात १३५ हा नियोजनाचा आकडा आहे, ग्रामीण जलजीवन मिशनचा ५५ आहे, आणि आपल्या इमारतीचा यांहून निराळाच निघेल. तो काठीच सांगते. पंप आणि येणारं पाणी दोन्ही बंद असताना गच्चीवरच्या टाकीत रात्री एक वाजता आणि पहाटे चार वाजता काठी बुडवायची. या टाकीचा एक सेंटिमीटर साडेअठ्ठेचाळीस लिटरचा आहे. सगळे झोपलेले असताना तीन सेंटिमीटर पाणी उतरलं, तर १४५ लिटर कुठेतरी गेले. हाच वेग दिवसभर राहिला तर साडेअकराशे लिटर, म्हणजे आठ-नऊ माणसांचं पाणी. दोन-तीन रात्री हाच आकडा आला, तर पुढच्या रात्री टाकीचा खालचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा मोजायचं. तरीही पातळी उतरली तर टाकी गळते आहे. उतरली नाही, तर एकेका बिऱ्हाडाच्या फ्लशच्या टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाकून पाहायचं, भांड्यात रंगीत पाणी कुठे उतरतं ते.