निळा ठिपका कुठून आला?

२४ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेत स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ७ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सिंक्रोट्रॉन चालू होता. त्याच्या नळीत ठिणग्या उडताहेत की काय, अशी शंका आली म्हणून फ्लॉइड हेबर या तंत्रज्ञाने काँक्रीटच्या भिंतीआडून आरसा धरून आत डोकावून पाहिलं. नळीत लखलखीत उजेड होता. पण ठिणगी पडली की नळीतली निर्वात स्थिती बिघडते, आणि इथे ती उत्तम होती. शिवाय हा उजेड फक्त एकाच जागेवरून दिसे: इलेक्ट्रॉन जिथून थेट आपल्याकडे धावत येतात, तिथून.

मला या प्रसंगात सर्वांत गमतीचा वाटतो तो त्या उजेडाचा रंग. निळसर पांढरा! गोल फिरणारा विद्युतभार प्रारणं सोडणार हे ठाऊक होतं. पण या यंत्राच्या कक्षेची त्रिज्या साधारण २९ सेंटिमीटर, म्हणजे इलेक्ट्रॉन सेकंदाला सोळा कोटींहून अधिक फेऱ्या मारत होता. फेऱ्यांइतकीच लहरींची वारंवारता धरली, तर निघायला हव्यात पावणेदोन-दोन मीटर लांबीच्या रेडिओलहरी. याच कंपनीत जॉन ब्लुएट यांनी आधीच्या एका यंत्रात प्रारणाचा शोध घेतला होता, तोही रेडिओलहरींत, आणि हाती काही लागलं नव्हतं. त्या यंत्राच्या नळीला आतून अपारदर्शक लेप होता; नव्या नळीची काच पारदर्शक होती, एवढंच नशीब. पण मीटरभर लांबीची लहर आखडून मायक्रोमीटरच्या अर्ध्यावर आली कशी?

आधी दिशेचं पाहू. इलेक्ट्रॉनवर बसून पाहिलं तर उजेड एका बाजूला झुकलेला नसतोच. जितका पुढे, तितकाच मागे. आता धावत्या एसटीच्या खिडकीतून कुणी चेंडू अगदी काटकोनात बाहेर टाकला, तरी रस्त्यावरच्या माणसाला तो तिरका, पुढे जाताना दिसतो, कारण गाडीचा वेग त्याला आयताच मिळालेला असतो. उजेडाचंही तसंच, पण त्याला एक अट आहे: एकूण वेग प्रकाशवेगापेक्षा तसूभरही वाढता कामा नये. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशवेगानेच पळतोय, म्हणून काटकोनात सोडलेल्या किरणाचा बहुतेक सगळा वेग पुढच्या दिशेतच खर्च होतो. बाजूला जायला उरतो केवळ १३७वा हिस्सा. हा १३७ आला इलेक्ट्रॉनच्या ७ कोटी ऊर्जेला त्याच्या विरामावस्थेतल्या ५.११ लाखांनी भागून. कोनात सांगायचं तर अर्ध्या अंशाहूनही कमी. मागे सोडलेले किरणसुद्धा बव्हंशी पुढेच वळतात.

आता हा अरुंद झोत इलेक्ट्रॉनबरोबर गरगर फिरतोय. एका जागी उभ्या असलेल्या डोळ्यावर तो पडतो तो कक्षेच्या जेमतेम चार मिलिमीटरच्या तुकड्यातून. हे अंतर कापायला इलेक्ट्रॉनला सेकंदाच्या अब्जांशाचा सत्तरावा भाग लागतो. तेवढ्यानेही दृश्य प्रकाश मिळाला नसता. पण तुकड्याच्या सुरुवातीला निघालेला प्रकाश पुढे पळतो आणि इलेक्ट्रॉन त्याच्या पाठोपाठ, जवळपास तितक्याच वेगाने. तुकडा संपतो तेव्हा प्रकाश फक्त ०.१५ मायक्रोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे सगळी चमक एवढ्याशा लांबीत कोंबली जाते. इतक्या आखूड झटक्यात आखूड लहरी असणारच. नेमका हिशोब मांडला की या यंत्राच्या प्रारणाची मध्यवर्ती तरंगलांबी सुमारे ०.४८ मायक्रोमीटर येते: निळा.

पडताळा प्रयोगशाळेतल्या मंडळींनी तिथल्या तिथे घेतला. ऊर्जा ४ कोटींवर आणली की ठिपका पिवळसर, ३ कोटींवर लाल आणि मंद, त्याखाली दिसेनासा. कारण ही मध्यवर्ती तरंगलांबी ऊर्जेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३ कोटींना ती अवरक्तात सहा मायक्रोमीटरपर्यंत सरकते आणि डोळ्याला उरते ती केवळ प्रारणाची लाल शेपटी. आणि एवढ्या दिमाखाचा खर्च किती? एका फेरीत एक इलेक्ट्रॉन गमावतो सातेक इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे निळ्या प्रकाशाचे दोन-तीन कण. ठिपका लखलखतो तो इलेक्ट्रॉनांच्या प्रचंड संख्येमुळे.

'झोत' म्हणताना एक सावधगिरी हवी. सगळ्या रंगांचा झोत सारखा अरुंद नसतो; लांब लहरींचा बराच पसरट असतो. शिवाय इलेक्ट्रॉन वळत असल्याने आडव्या दिशेत उजेड पंख्यासारखा पसरतो आणि अरुंदपणा उभ्या दिशेतच शिल्लक राहतो. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनमध्ये हे ठळकपणे दिसतं. तिथे इलेक्ट्रॉनची ऊर्जा २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणून १३७च्या जागी येतात जवळपास ४,९००. मध्यवर्ती लहर दोन अँगस्ट्रॉमची, अर्थात क्ष-किरण; आणि वीस मीटर दूर गेल्यावरही त्यांच्या पट्ट्याची उंची सेंटिमीटरभरसुद्धा होत नाही.