खादाड मैत्रेय आणि त्याचा मित्र

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला विदूषक मैत्रेय आपल्याला भेटतो तो पूर्वीच्या मेजवान्या आठवून हळहळत. यजमान चारुदत्त कंगाल झालाय, तेव्हा पोटासाठी हा दिवसभर इतरांकडे हिंडतो. पण रात्री परततो तो चारुदत्ताच्याच घरी. ही निष्ठा हसण्याच्या नादात नजरेतून निसटते.

वसंतसेनेची दागिन्यांची पेटी त्याच्याच हातून जाते. झोपेत बरळत तो ती चक्क चोराच्या हवाली करतो. मग सल्लाही व्यवहारी देतो: पेटी मिळालीच नाही म्हणावं, साक्षीदार कोण आहे? चारुदत्त साफ नकार देतो. आपण खोटं बोलणार नाही, हे नायकाने नुसतं सांगितलं असतं तर ती बढाई वाटली असती. पळवाट मित्राने दाखवली आणि त्याने ती नाकारली, म्हणून आपला विश्वास बसतो.

पुढे न्यायसभेत शकाराशी झटापट करताना मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचेच दागिने खाली पडतात आणि चारुदत्त खुनी ठरतो. वधस्थानाच्या वाटेवर मात्र हाच खादाड म्हणतो, याला सोडा, मला मारा. देवलांचं ‘संगीत मृच्छकटिक’ पाहायला मिळालं, तर चारुदत्ताइतकंच मैत्रेयाकडेही लक्ष ठेवा.